अमेरिकेतले शेअर, आर्वीतले वारस: एका इस्टेट टॅक्सचा पूर्ण हिशेब

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातले हे कुटुंब आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे डोक्यात राहावेत म्हणून रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. कराचे नियम आणि दर मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत.

घरातला धाकटा मुलगा संगणक अभियंता होता. त्याने २००५ ते २०१६ अशी अकरा वर्षे अमेरिकेत नोकरी केली. ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागण्याआधीच, वडील गेल्यावर, तो पत्नी आणि मुलीसह कायमचा गावी परतला आणि चौदा एकर शेती पाहू लागला. त्यातील नऊ एकरांवर संत्र्याची बाग आहे. मुलगी अमेरिकेत जन्मलेली असल्यामुळे तिथली नागरिक आहे. मुलगा परतल्यानंतर नागपुरात जन्मला. पत्नी आणि आई दोघीही केवळ भारतीय नागरिक आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने या गृहस्थाचे निधन झाले. मृत्युपत्र केलेले नव्हते.

मागे राहिलेल्या मालमत्तेचे दोन भाग होते. भारतात शेती, गावातले घर, नागपूरचा एक फ्लॅट आणि ठेवी मिळून सुमारे ४ कोटी १५ लाख रुपये, म्हणजे एका डॉलरला ८३ रुपये धरल्यास ५ लाख डॉलर होते. अमेरिकेत तीन गोष्टी होत्या. जुन्या कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले आणि नंतर घेतलेले अमेरिकन कंपन्यांचे शेअर ३,१०,००० डॉलरचे होते. ४०१(के) या निवृत्ती खात्यात १,४०,००० डॉलर होते आणि बँकेच्या बचत खात्यात ५०,००० डॉलर होते. निवृत्ती खात्यावर पत्नीचे नाव लाभार्थी म्हणून नोंदवलेले होते. शेअरच्या खात्यावर कोणाचेच नाव नव्हते.

प्रश्न कसा उभा राहिला

चार महिन्यांपर्यंत घरात कोणालाही इस्टेट टॅक्सची, म्हणजे मृताच्या मालमत्तेवर अमेरिकेत लागणाऱ्या कराची, कल्पना नव्हती, आणि त्यात नवल नाही. भारतात १९५३ च्या कायद्याने इस्टेट ड्यूटी होती, पण १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंसाठी ती रद्द झाली. त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्या माणसानेही वारसा मिळताना सरकारला कर भरल्याचे पाहिलेले नसते. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज केला, फेरफार झाला, सातबारावर नावे चढली की काम संपले, अशीच सर्वांची समजूत असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअर ब्रोकरचे पत्र आले. मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे यांच्यासोबत त्यात ‘फॉर्म ५१७३’ मागितला होता, आणि तो मिळेपर्यंत खाते गोठवलेले राहील असे लिहिले होते. फॉर्म ५१७३ म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, आयआरएसचे, हस्तांतरण प्रमाणपत्र. मृताचा इस्टेट टॅक्स चुकता झाला आहे किंवा देय नाही, असे आयआरएस त्यात लिहून देते. ते न पाहता मालमत्ता वारसांच्या हाती दिली तर कराची जबाबदारी स्वतःवर येऊ शकते, म्हणून ब्रोकर ते मागतात. कुटुंबाच्या दृष्टीने हा कर आहे याची पहिली सूचना हीच होती.

नातेवाइकांनी तीन दिलासे दिले आणि तिन्ही चुकीचे निघाले. पहिला दिलासा असा की भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. तो करार आयकराचा आहे. इस्टेट टॅक्ससाठी या दोन देशांत करार नाही. दुसरा असा की अमेरिकेत कोट्यवधी डॉलरपर्यंत सूट असते. ती सूट २०२३ साली १ कोटी २९ लाख २० हजार डॉलर होती हे खरे, पण ती अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथे कायमचे वास्तव्य असणाऱ्यांना लागू होते. जो नागरिक नाही आणि ज्याचे कायम वास्तव्य अमेरिकेत नाही, त्याच्या वाट्याला फक्त ६०,००० डॉलरची सूट येते आणि ती महागाईप्रमाणे वाढतही नाही. तिसरा असा की मुलगी अमेरिकेची नागरिक असल्यामुळे सवलत मिळेल. जोडीदाराला गेलेल्या मालमत्तेवर या करात सवलत असते, पण तिच्यासाठी जोडीदाराचे नागरिकत्व पाहिले जाते. मुलांच्या नागरिकत्वाचा तिच्याशी संबंध येत नाही.

कोणती मालमत्ता कराखाली येते

अनिवासी माणसाच्या बाबतीत अमेरिका फक्त तिथे असलेल्या मालमत्तेवर कर लावते, आणि मालमत्ता कुठे ‘आहे’ हे ठरवण्याचे नियम मालमत्तेच्या प्रकारानुसार वेगळे आहेत. अमेरिकन कंपनीचा शेअर जगात कुठल्याही खात्यात ठेवला तरी तो अमेरिकेतलाच मानला जातो. अमेरिकेत नोंदवलेल्या म्युच्युअल फंडाचेही तसेच आहे. ४०१(के) खातेही कराखाली येते. याउलट, तिथल्या व्यवसायाशी संबंध नसलेली साधी बँक ठेव अमेरिकेतल्या बँकेत असूनही अमेरिकेबाहेरची समजली जाते. म्हणून ५०,००० डॉलरचे बचत खाते सुटले आणि करपात्र मालमत्ता ३,१०,००० अधिक १,४०,००० म्हणजे ४,५०,००० डॉलर ठरली.

हा भेद नीट लक्षात घ्यायला हवा. ब्रोकरच्या खात्यात पडून असलेली रोकड बहुधा बँक ठेव धरली जात नाही, आणि ती मनी मार्केट फंडात गुंतवलेली असेल तर तो फंडाचा हिस्सा होऊन करपात्र ठरतो. पडद्यावर दोन्ही ‘कॅश’ म्हणूनच दिसतात.

इथे आर्वीची शेती हिशेबात आली. शेतीवर अमेरिका कर लावत नाही. परंतु मृताची कर्जे, अंत्यविधीचा खर्च आणि वकील व हिशेबनीस यांची फी वजा मिळवायची असेल, तर जगभरातील संपूर्ण मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते, आणि वजावटही एकूण मालमत्तेत अमेरिकेचा जितका वाटा असेल तितकीच मिळते. भारतातील ५,००,०००, बँक ठेवीचे ५०,००० आणि करपात्र ४,५०,००० मिळून एकूण १०,००,००० डॉलर झाले. अमेरिकेचा वाटा ४५ टक्के ठरला. फ्लॅटचे उरलेले कर्ज, सोसायटीचे पीककर्ज आणि सर्व खर्च मिळून ४०,००० डॉलर होते. त्यांपैकी ४५ टक्के, म्हणजे १८,००० डॉलर वजा होऊ शकत होते.

शेतीची किंमत कोणती धरायची, यावर मृताच्या मोठ्या भावाचा आग्रह रेडी रेकनरच्या दराचा होता. सरकारी दर तोच आहे आणि तो कमी आहे, असे त्यांचे म्हणणे. आयआरएसला मात्र रास्त बाजारभाव हवा असतो. म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराला शेतावर नेले. त्याने सहा बाय सहा मीटरवर लावलेली झाडे ओळीने मोजली, फळावर असलेली आणि डिंक्याने खचलेली वेगळी काढली, विहिरीचे पाणी आणि रस्ता पाहिला, आणि सरासरी एकरी १५ लाख रुपये किंमत लिहून दिली. रेडी रेकनरचा दर एकरी ६ लाख होता. तो धरला असता तर एकूण मालमत्ता सुमारे ८,४८,००० डॉलर दिसली असती, अमेरिकेचा वाटा ५३ टक्क्यांवर गेला असता आणि करात सुमारे १,१०० डॉलर कमी भरावे लागले असते. एवढ्यासाठी विवरणपत्रात खोटा आकडा लिहिण्याची जोखीम कोणीही घेऊ नये, हे भावालाही पटले.

टप्प्यांचा हिशेब

४,५०,००० मधून १८,००० वजा जाता करपात्र रक्कम ४,३२,००० डॉलर राहिली. अमेरिकेचा इस्टेट टॅक्स टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०,००० डॉलरवर १८ टक्क्यांपासून सुरुवात होते आणि १० लाखांच्या वरच्या रकमेवर ४० टक्के लागतो. ६०,००० डॉलरपर्यंतच्या टप्प्यांचा कर बरोबर १३,००० डॉलर होतो, आणि अनिवासी व्यक्तीच्या मालमत्तेला तेवढीच करसवलत मिळते. म्हणजे सूट तळातून कापली जाते, आणि ६०,००० च्या पुढचा पहिला डॉलर थेट २६ टक्क्यांच्या टप्प्यात पडतो. या प्रकरणातले टप्पे असे:

| टप्पा (डॉलर) | दर | या टप्प्यातील कर (डॉलर) |
|---|---|---|
| ६०,००० पर्यंत | १८ ते २४ टक्के | सवलतीमुळे शून्य |
| ६०,००० ते ८०,००० | २६ टक्के | ५,२०० |
| ८०,००० ते १,००,००० | २८ टक्के | ५,६०० |
| १,००,००० ते १,५०,००० | ३० टक्के | १५,००० |
| १,५०,००० ते २,५०,००० | ३२ टक्के | ३२,००० |
| २,५०,००० ते ४,३२,००० | ३४ टक्के | ६१,८८० |
| एकूण | | १,१९,६८० |

रुपयांत ही रक्कम ९९ लाख ३३ हजारांच्या आसपास जाते. ब्रोकरच्या पत्रानंतर कोणीतरी घरच्यांना ‘चाळीस टक्के जातील’ असे सांगितले होते, आणि त्या हिशेबाने ३,९०,००० वर १,५६,००० डॉलर होतात. प्रत्यक्ष बोजा ४,५०,००० च्या साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास होता. वरच्या टप्प्याचा दर संपूर्ण रकमेला लावण्याची चूक फार जण करतात आणि घाबरून चुकीचे निर्णय घेतात, म्हणून हा तक्ता सविस्तर दिला आहे. पुढच्या प्रत्येक निर्णयासाठी शेवटच्या टप्प्याचा दर पुरेसा होता: मालमत्तेतून आणखी एक डॉलर वजा झाला तर ३४ सेंट वाचणार, आणि रक्कम अडीच लाखांच्या खाली गेल्यावर ३२ सेंट.

पत्नीची सवलत आणि तिची अट

जोडीदाराला गेलेल्या मालमत्तेवर इस्टेट टॅक्स लागत नाही, हे या कायद्याचे मूळ तत्त्व आहे, आणि मागे राहिलेला जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर या सवलतीला मर्यादाही नाही. जोडीदार नागरिक नसेल तर ती थेट मिळत नाही. सरकारची भीती अशी की सवलत घेतलेला पैसा देशाबाहेर जाईल आणि दुसऱ्या मृत्यूच्या वेळी कर लावायला काहीच उरणार नाही. त्यावर कायद्याने एक वाट ठेवली आहे. मालमत्ता एका विशिष्ट प्रकारच्या न्यासात ठेवायची. त्याला व्यवहारात ‘क्यूडॉट’ म्हणतात. त्याचा निदान एक विश्वस्त अमेरिकन नागरिक किंवा अमेरिकन संस्था असावा लागतो. न्यासाचे उत्पन्न पत्नीला मिळते आणि त्यावर इस्टेट टॅक्स लागत नाही. मुद्दल बाहेर काढले किंवा पत्नीचे निधन झाले की मात्र पतीच्या टप्प्यांवर थांबवून ठेवलेला कर वसूल होतो, आणि तोही त्या वेळच्या वाढलेल्या किमतीवर. फक्त तातडीच्या आणि खऱ्या आर्थिक अडचणीसाठी, दुसरा पैसा हाताशी नसताना काढलेल्या मुद्दलाला सूट आहे. थोडक्यात, या न्यासाने कर पुढे ढकलला जातो, माफ होत नाही.

त्याआधीचा प्रश्न असा होता की पत्नीला मुळात किती मिळते. मृत्युपत्र नसल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू झाला. त्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस असून चौघांना समान वाटा मिळतो. म्हणजे ३,१०,००० च्या शेअरपैकी पत्नीचे फक्त ७७,५०० डॉलर. निवृत्ती खाते लाभार्थी नोंदीमुळे पूर्ण तिचे. सवलतीला पात्र होऊ शकणारी रक्कम झाली २,१७,५०० डॉलर.

आजींना हे सांगितले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “माह्या वाट्याचं सूनबाईच्या नावावर करून टाका, मी कुठं अमेरिकेले चालली?” गावाकडे हक्कसोडपत्राने अशी कामे रोज होतात आणि त्यामागची माया खरी होती. परंतु अमेरिकेच्या कायद्यात वाटा नाकारणाऱ्याने तो कोणाला जावा हे स्वतः ठरवायचे नसते. सुनेचे नाव घालून दिलेले हक्कसोडपत्र म्हणजे आधी स्वीकारलेला वाटा दान करणे, आणि ती मालमत्ता पतीकडून पत्नीला आली असे मानले जात नाही. मुले अल्पवयीन असल्याने त्यांच्या वाट्याचा प्रश्नच नव्हता. हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता, तो थांबवला.

तोललेले पर्याय

सल्लागार म्हणून मी कुटुंबासमोर तीन पर्याय मांडले. पहिला, न्यास न करता १,१९,६८० डॉलर भरून मोकळे होणे. दुसरा, फक्त शेअरमधील पत्नीचे ७७,५०० न्यासात ठेवणे. त्याने करपात्र रक्कम ३,५४,५०० होते आणि आजचा कर ९३,३३० वर येतो; म्हणजे २६,३५० डॉलर पुढे ढकलले जातात. तिसरा, निवृत्ती खात्यासाठीही त्याच चौकटीत व्यवस्था करणे. हे खाते न्यासाच्या नावे करता येत नसेल तर मिळणाऱ्या प्रत्येक रकमेतील मुद्दलाच्या भागावर दरवर्षी कर भरण्याचा किंवा तो भाग न्यासात टाकण्याचा करार पत्नीला करावा लागतो. असे केल्यास करपात्र रक्कम २,१४,५०० राहते, आजचा कर ४६,४४० होतो आणि ७३,२४० डॉलर पुढे जातात.

तिसरा पर्याय कागदावर फार आकर्षक दिसतो. पत्नी चव्वेचाळीस वर्षांची होती. कर कदाचित तीस-चाळीस वर्षे लांबला असता. म्हणून पुढे ढकललेली रक्कम आम्ही नफा न समजता बिनव्याजी उसनवार समजली आणि ती वर्षाला किती कमावेल हे पाहिले. सहा टक्के धरले तर ७३,२४० डॉलरवर वर्षाला सुमारे ४,४०० डॉलर मिळाले असते. अमेरिकेतील व्यावसायिक विश्वस्ताने न्यास चालवण्यासाठी वर्षाला ४,००० डॉलरच्या आसपास खर्च सांगितला, आणि दरवर्षीची विवरणपत्रे वेगळी. उरते काय, जवळपास शून्य. दुसऱ्या पर्यायात तर २६,३५० डॉलर वर्षाला सुमारे १,६०० कमावणार आणि खर्च ४,०००. शिवाय मुलीचे पुढचे शिक्षण तीन वर्षांवर आले होते. त्यासाठी मुद्दलच लागणार होते, आणि नागपूरचा फ्लॅट व ठेवी हाताशी असताना आर्थिक अडचणीची सूट मिळेल यावर विसंबता येत नव्हते.

खर्चाचा हा अडसर दूर होण्याची एक शक्यता होती. न्यासातील मालमत्ता २० लाख डॉलरपेक्षा कमी असेल तर विश्वस्त म्हणून बँकच हवी असे नाही. मालमत्ता परदेशी जमिनीत फार अडकलेली नसली की अमेरिकन नागरिक असलेली व्यक्तीही चालते. पत्नीचे एक मावसभाऊ तिकडे नागरिक आहेत आणि ते सुरुवातीला तयार झाले. पण मुद्दल देताना कर कापायचा राहिला तर विश्वस्त त्या करासाठी व्यक्तिशः जबाबदार असतो, हे समजल्यावर त्यांनी नम्रपणे नकार दिला. ते योग्यच होते. तीस वर्षांची कायदेशीर जबाबदारी नात्याच्या भिडेखातर कोणाच्या गळ्यात घालू नये. पण ते विनामोबदला टिकून राहणारे असते तर माझा सल्ला तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने झुकला असता. एकूण रक्कम याच्या दुप्पट-तिप्पट असती तर व्यावसायिक विश्वस्ताचा खर्चही परवडला असता. निर्णयाचा काटा इथे होता.

कुटुंबाने पहिला पर्याय घेतला.

केलेली कार्यवाही

‘फॉर्म ७०६-एनए’ हे विवरणपत्र मृत्यूनंतर नऊ महिन्यांत, म्हणजे जुलै २०२४ मध्ये देय होते. अमेरिकेतील मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असली की ते भरावेच लागते. मग वजावटीनंतर कर शून्य आला तरी. न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र तोवर हाती येणार नव्हते, पण विवरणपत्रासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही. रीतसर नेमलेला व्यवस्थापक नसेल तर मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे तो ते भरू शकतो. पत्नीने ते भरले.

मूल्यांकनाचा अहवाल आणि मराठी कागदांची प्रमाणित भाषांतरे वेळेत होत नव्हती. म्हणून ‘फॉर्म ४७६८’ देऊन विवरणपत्रासाठी सहा महिन्यांची मुदतवाढ घेतली. या वाढीने भरण्याची तारीख मात्र लांबत नाही. कर नवव्या महिन्यातच द्यावा लागतो, त्यानंतर व्याज सुरू होते. मुदतवाढ न घेता विवरणपत्र लांबवले तर दर महिन्याला मुदतीत न भरलेल्या कराच्या ५ टक्के, कमाल २५ टक्के दंड बसतो. या प्रकरणात करही वेळेत भरता आला नसता तर तो जवळपास ३०,००० डॉलरपर्यंत गेला असता; मुदतवाढीच्या एका अर्जाने ती जोखीम टळली.

खरा पेच पैशाचा होता. कर भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्राशिवाय शेअर नाहीत, आणि कर भरायला पैसा शेअरमधूनच यायचा. ब्रोकरशी बराच पत्रव्यवहार झाल्यावर त्याने एक गोष्ट मान्य केली: तो खात्यातच शेअर विकेल आणि रक्कम थेट अमेरिकेच्या कोषागाराला पाठवेल, वारसांना एक डॉलरही देणार नाही. प्रत्येक ब्रोकर हे करतोच असे नाही, म्हणून ही विचारणा पहिल्या पत्रातच करावी. जुलैमध्ये १,१९,६८० डॉलर अशा रीतीने भरले गेले आणि ऑक्टोबरमध्ये विवरणपत्र गेले. मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या भावाने मूल्यांकन करण्याची मुभाही तपासली होती. ती भाव पडले असतील तरच उपयोगी पडते आणि इथे शेअर चढलेले होते.

निष्पत्ती

प्रमाणपत्र विवरणपत्रानंतर एक वर्षाहून अधिक काळाने आले. तोपर्यंत शेअर पडून राहिले. भाव खाली येत असतानाही विकता येत नव्हते. बचत खात्यावर हा कर नव्हता, तरी बँकेने प्रमाणपत्राची प्रत पाहूनच ते खाते मोकळे केले.

शेवटी एक प्रश्न घरातच सोडवायचा होता, आणि तो कोणी विचारण्याआधी पत्नीनेच काढला. सगळा कर शेअरमधून गेला होता, पण कराचा एक भाग निवृत्ती खात्यामुळे लागला होता आणि ते खाते एकट्या तिला मिळत होते. तसेच वाटून टाकले असते तर तिच्या कराचा बोजा सासू आणि मुलांवर पडला असता. म्हणून कर मालमत्तेच्या प्रमाणात विभागला: निवृत्ती खात्याच्या नावे ३७,२३४ डॉलर आणि शेअरच्या नावे ८२,४४६ डॉलर. मृत्यूच्या दिवशीचा भाव धरल्यास शेअरमधून आई, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी सुमारे ५६,८८८ डॉलर आले. पत्नीला स्वतःच्या खात्याचा कर सोसून शेअरमधून सुमारे १९,६५५ डॉलर आले, शिवाय निवृत्ती खाते. त्या खात्यातून पैसे काढताना आयकराचा विचार वेगळा करावा लागणार आहे. मुलांच्या नावची परदेशी मालमत्ता भारतीय आयकर विवरणपत्रात दाखवण्याची जबाबदारी आता पालक म्हणून तिच्यावर आहे.

वेगळे काय करता आले असते

मृत्यूनंतर जे निर्णय झाले त्यांत फार थोडा फरक करता आला असता. फेब्रुवारीऐवजी नोव्हेंबरमध्ये ब्रोकरला लिहिले असते तर न्यासाचा विचार घाईत झाला नसता, एवढेच. मोठा फरक गृहस्थ हयात असतानाच्या सात वर्षांत पडला असता.

मृत्युपत्रात अमेरिकेतली मालमत्ता पूर्णपणे पत्नीला आणि तिच्यासाठीच्या न्यासाचे कलम एवढे लिहिलेले असते, तर संपूर्ण ४,३२,००० वरचा कर पुढे ढकलता आला असता, आणि त्या आकाराला विश्वस्ताचा खर्चही झेपला असता. शेअर पत्नीला हयातीतच भेट देणे हा दुसरा मार्ग. अनिवासी परदेशी व्यक्तीने दिलेल्या शेअरच्या भेटीवर अमेरिका गिफ्ट टॅक्स लावत नाही. भारतात पत्नीला दिलेल्या भेटीवर कर नाही, फक्त त्यावरचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात धरले जाते. यात मालमत्ता दोन नावांवर विभागून प्रत्येकाला स्वतंत्र ६०,००० ची सूट आणि खालचे टप्पे मिळतात.

सर्वांत चांगली संधी परतल्यानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत होती. इतकी वर्षे बाहेर राहून आलेली व्यक्ती भारतीय आयकरात काही काळ ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात राहते. त्या काळात परदेशात झालेल्या भांडवली नफ्यावर भारतात कर लागत नाही, आणि अमेरिका सोडून गेलेल्या अनिवासीच्या शेअरवरील नफ्यावर साधारणपणे अमेरिकाही कर लावत नाही. त्या काळात शेअर विकून पैसा बँकेत किंवा भारतात आणला असता, तर मृत्यूच्या वेळी कराखाली फक्त १,४०,००० डॉलरचे निवृत्ती खाते राहिले असते. एकूण मालमत्ता तितकीच धरली तर अमेरिकेचा वाटा १४ टक्के, वजावट ५,६००, करपात्र रक्कम १,३४,४०० आणि सवलतीनंतरचा कर २१,१२० डॉलर, म्हणजे सुमारे साडेसतरा लाख रुपये; भरलेल्या ९९ लाखांच्या जागी.